बॉण्डचे दीड लाख भरायचे का? (चाकण, ट्रेनिंगनंतर पंधरा महिने काम केलंय)

गोदाकाठ (धागा सुरू केला)

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज स्वतःचाच प्रश्न घेऊन आले आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

मी मूळची नाशिकची, मेकॅनिकलची डिग्री. १ जुलै २०२४ ला चाकणमधल्या एका ऑटोमेशन कंपनीत ट्रेनी इंजिनीअर म्हणून लागले. कंपनी इतरांच्या कारखान्यांत वेल्डिंगचे रोबो बसवून देते. पगार २४,०००. रुजू झाले त्याच दिवशी १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर बॉण्ड लिहून घेतला. दोन महिने ट्रेनिंग, ते संपल्यावर २४ महिने नोकरी सोडायची नाही, सोडली तर १,५०,००० रुपये भरायचे. डिग्रीचं मूळ प्रमाणपत्र जमा करून घेतलं आणि सही केलेला एक कोरा चेकही घेतला. आमच्या बॅचच्या सहाही जणांनी दिला, मीही दिला. बॉण्ड वाचला होता, पण हातची नोकरी जाईल म्हणून विचारलं काहीच नाही.

आता बंगळूरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चांगली संधी आली. राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला, नोव्हेंबर २०२५ अखेर बाहेर पडले. म्हणजे २४ पैकी १५ महिने भरले, ९ उरले. गेल्या आठवड्यात एचआरचं पत्र आलं: बॉण्डचे १,५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २७,०००, मिळून १,७७,००० सात दिवसांत भरा, नाहीतर चेक वटवू आणि पोलिसांत तक्रार करू. नोव्हेंबरचा ३४,००० पगार अडवला आहे, रिलिव्हिंग लेटर नाही, डिग्रीही त्यांच्याकडेच. नवीन कंपनी रिलिव्हिंग लेटरसाठी ४५ दिवस थांबेल.

मी काहीच द्यायचं नाही असं म्हणत नाही. शिकवलं हे खरं आहे. पण १,७७,००० कुठून आणू? आणि ते बरोबर तरी आहे का?

सह्यकडा

एक रुपयाही देऊ नकोस. करार कायद्याचं कलम २७ वाच, कोणाला नोकरीधंदा करण्यापासून रोखणारा करारच रद्द असतो. बॉण्ड म्हणजे वेठबिगारी आहे. शिवाय स्टॅम्प पेपर शंभरचा, आता पाचशेचा लागतो. त्या कागदाला कोर्टात काडीची किंमत नाही. चेकचं पेमेंट थांबव आणि बंगळूरला जा.

पाटील_अण्णा

सह्यकडा, पोरीला अडचणीत टाकाल. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये बॉण्ड वैध ठरवलाय, सगळ्या पेपरात आलं होतं. बँकेतल्या अधिकाऱ्याने दोन लाखांचा बॉण्ड मोडला, त्याच्या विरोधात निकाल गेला. आता वादच संपला. बाळा, सही केलीस ना? मग हप्ते पाडून घे आणि भरून टाक. आयुष्यभर कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार?

डॉ_पालवी

माझं एमबीबीएस सरकारी कॉलेजमधून झालं. आम्हाला एक वर्ष ग्रामीण सेवा, नाहीतर १० लाख. मी नंदुरबार जिल्ह्यात वर्ष काढलं, कारण दहा लाख नव्हतेच. आमच्या बॅचमधले काही जण कोर्टात गेले, पण फायदा झाला नाही. त्यामुळे अण्णांशी सहमत, बॉण्ड म्हणजे बॉण्ड.

निशिगंधा

पुण्यात नोकरीविषयक दावे चालवते, म्हणून लिहिते. वरच्या तिन्ही प्रतिसादांत थोडं थोडं खरं आहे, पण तिन्ही या प्रकरणाला तसेच्या तसे बसत नाहीत.

डॉक्टर, तुमचा बॉण्ड सरकारशी आहे. जनतेच्या पैशातून, नाममात्र फीमध्ये शिक्षण झालं, त्याच्या बदल्यात सेवा. कोर्टाने तो मान्य केला त्यामागे सार्वजनिक आरोग्याचा विचार होता. खासगी कंपनीला तो आधार नाही.

सह्यकडा, कलम २७ आहे, पण ते मुख्यतः नोकरी सुटल्यानंतरच्या बंधनाला लागतं. नोकरीच्या मुदतीतल्या बंधनाला कोर्टं वेगळ्या नजरेने बघतात. कल्याणच्या टायर कॉर्डच्या कारखान्यातला १९६७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तोच आहे. पाच वर्षांचा करार मोडून माणूस प्रतिस्पर्ध्याकडे गेला आणि मुदतीपुरतं ते बंधन कोर्टाने योग्य ठरवलं. कोणाला जबरदस्तीने कामावर मात्र कोर्टही परत पाठवत नाही. प्रश्न उरतो तो पैशाचाच. स्टॅम्पचं म्हणाल तर ५०० चा दर ऑक्टोबर २०२४ पासूनचा. हिचा कागद जुलैचा, तेव्हा १०० चालत होते. आणि मुद्रांक कमी पडला तरी करार मरत नाही, तूट आणि दंड भरून तो पुराव्यात घेता येतो.

अण्णा, तुम्ही म्हणता तो मे २०२५ चा निकाल विजया बँकेचा. तीन वर्षांची अट, दोन लाख रुपये. तिथे कोर्टाने बघितलं की ही सरकारी बँक आहे, जाहिरात देऊन, खुल्या स्पर्धेतून भरती करावी लागते, माणूस मध्येच गेला तर ती सगळी खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते. माणूस वरिष्ठ व्यवस्थापक होता, त्याच्या पगाराच्या मानाने दोन लाख जास्त वाटले नाहीत. त्याच निकालात असंही आहे की छापील साच्याच्या करारात मालक आणि नोकर समान पातळीवर नसतात, आणि अट वाजवी आहे हे दाखवायची जबाबदारी मालकाची. म्हणजे ‘बॉण्ड चालतो’ इथपर्यंत तुमचं बरोबर. ‘बॉण्डमधला आकडा जसाच्या तसा द्यावा लागतो’ हे त्यातून निघत नाही.

इथे खरं काम करतं ते त्याच करार कायद्याचं कलम ७४. करारात रक्कम लिहिलेली असली तरी करार मोडल्यावर ‘वाजवी भरपाई’ मिळते, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. दीड लाख हे छप्पर आहे, बिल नाही. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल बघ. बॉण्ड दोन लाखांचा आणि तीन वर्षांचा. कंपनीने ट्रेनिंगवर प्रत्यक्ष सुमारे ६७,६०० खर्च केल्याचं दिसलं, माणूस दोन वर्षं राहिला होता. कोर्टाने उरलेल्या एका वर्षापुरता तिसरा हिस्सा दिला, २२,५३२ रुपये. सगळी कोर्टं याच पट्टीने मोजतील असं नाही. काही निकालांत बॉण्डच्या आकड्याच्या निम्मेही दिले गेले आहेत. पण हिशोब मांडायची रीत ही.

गोदाकाठ, आता तू सांग. त्या दोन महिन्यांत रोज नेमकं काय झालं?

गोदाकाठ

निशिगंधाताई, रात्री डायरी काढून बसले. पहिले दोन आठवडे चाकणच्या ऑफिसात वर्ग. तिसऱ्या आठवड्यात रोबो बनवणाऱ्या कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरला पाच दिवस, तिथलं सर्टिफिकेटही मिळालं. रोबो चालवायचा रिमोट, म्हणजे टीच पेंडंट, तिथेच पहिल्यांदा हातात धरला. डाव्या हाताची बोटं मागच्या स्विचवर अर्धी दाबून ठेवायची, सोडली की रोबो थांबतो, घाबरून पूर्ण दाबली तरी थांबतो. दोन दिवस हात भरून आला होता. ते शिक्षण खरंच मोलाचं होतं, त्याच जोरावर बंगळूरची नोकरी मिळाली.

२२ जुलैपासून मात्र आम्हाला रांजणगावला गिऱ्हाइकाच्या प्लांटवर पाठवलं. सीनिअर दादांबरोबर नाइट शिफ्ट. केबल ओढणं, फिक्स्चर लावणं, पॉइंट टीच करणं. ऑगस्टअखेरपर्यंत तेच. शिकत होतो, पण काम खरं होतं. लाइन वेळेत द्यायची होती.

सेंटरची फी ३८,००० होती, हे आमच्या मॅनेजर सरांनी तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं. जाण्यायेण्याचे आणि राहण्याचे ९,००० च्या आसपास, त्या पावत्या मीच जमा केल्या होत्या.

निशिगंधा

रांजणगावच्या कारखान्याचा गेट पास निघाला असेल ना? तुझ्या नावाचा, तारखेचा? आणि जॉब कार्डवर तास भरत होतीस का?

गोदाकाठ

गेट पासचा फोटो आहे! २२ जुलै २०२४, माझा फोटो, ‘कामाचं स्वरूप: रोबो सेल कमिशनिंग’. जॉब कार्डं कंपनीकडे आहेत, पण रोज रात्री शिफ्टच्या ग्रुपवर त्यांचे फोटो टाकायचो, ते माझ्या मोबाइलमध्ये आहेत.

निशिगंधा

तो फोटो आत्ताच ईमेलने स्वतःला पाठवून ठेव. कंपनी म्हणेल, ‘दोन महिने बसवून पगार दिला, तोही ट्रेनिंगचा खर्च’. ज्या दिवशी तू गिऱ्हाइकाच्या लाइनवर काम करत होतीस आणि कंपनी त्या लाइनचे पैसे घेत होती, त्या दिवसाचा पगार ट्रेनिंगचा खर्च कसा? गेट पास तेच सांगतो.

आता आकडे. बाहेरचा खर्च ३८,००० अधिक ९,०००, म्हणजे ४७,०००. उरलेले महिने २४ पैकी ९, म्हणजे आठातले तीन भाग. येतात १७,६२५. कंपनीच्या बाजूने थोडं उदार व्हायचं तर पहिल्या तीन आठवड्यांचा पगारही ट्रेनिंगचा धरू, साधारण १८,०००. बेरीज ६५,०००, तिचे तीन अष्टमांश २४,३७५. माझ्या मते तुझ्या प्रकरणातला वाजवी आकडा या दोन्हींच्या आसपास आहे. तुलनेसाठी, दीड लाखच नुसते महिन्यांच्या प्रमाणात उतरवले तरी ५६,२५० होतात. तेवढंही त्यांनी केलेलं नाही. पंधरा महिने राहिलेली आणि पंधरा दिवसांत पळालेली, दोघींना एकच रक्कम. अशी अट दंडासारखी दिसते, नुकसानीचा अंदाज वाटत नाही.

भोसरीकर

दुसऱ्या बाजूचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझं १८ माणसांचं वर्कशॉप आहे. पाच अक्षांचं मशीन घेतलं, कर्ज काढून. एका पोराला सहा दिवस ट्रेनिंगला पाठवलं, परत आल्यावर दोन महिने त्याच्या हातून चुका होत होत्या. टूल मोडले, एक महागडा जॉब फुकट गेला, मी काही बोललो नाही. चौथ्या महिन्यात शेजारच्या गाळ्यात चार हजार जास्त मिळाले म्हणून गेला. मशीन पाच आठवडे बंद होतं आणि हप्ता चालू होता. मोठ्या कंपन्यांचं माहीत नाही, आमच्यासारख्याचं कंबरडं मोडतं. सगळ्याच मालकांना वेठबिगारीवाले म्हणू नका.

सह्यकडा

भोसरीकर काका, तुमच्या जागी मलाही राग आला असता. शब्द मागे घेतो. पण मूळ डिग्री अडवून ठेवणं आणि कोरा चेक घेणं, हे तुम्ही करता का?

भोसरीकर

नाही. डिग्री त्याच्या आईबापाने पोटाला चिमटा काढून घडवलेली असते, ती माझ्या कपाटात कशाला? त्या अनुभवानंतर मी पद्धत बदलली. ट्रेनिंगचं बिल आलं की त्याची झेरॉक्स मुलाला देतो आणि तेवढाच आकडा कागदावर लिहितो. गेल्या खेपेला बिल ५४,००० होतं, मुदत १८ महिने ठरवली. दर महिन्याला ३,००० कमी होतात, आणि तसं पगाराच्या स्लिपवर खाली छापतो. मुलाला दर महिन्याला दिसतं किती उरलं. तेव्हापासून एकच जण मुदतीआधी गेला. नऊ महिने झाले होते, २७,००० नवीन मालकाने भरले. भांडण झालं नाही.

निशिगंधा

भोसरीकर, असा कागद घेऊन तुम्ही कोर्टात आलात तर मला समोरच्या बाजूने उभं राहायला जड जाईल. खर्च दाखवलेला, महिन्यागणिक घटणारा. गोदाकाठच्या कंपनीने हेच केलं असतं तर हा धागा निघालाच नसता.

एकदाएचआर

बारा वर्षं एचआरमध्ये होतो, आता सोडलं. आतली गोष्ट सांगतो. दीड लाख हा आकडा बहुतेक ठिकाणी खर्चावरून ठरत नाही. शेजारची कंपनी किती घेते, आणि किती लिहिलं की मुलं घाबरून थांबतील, यावरून ठरतो. म्हणून ‘खर्चाचा तपशील द्या’ म्हटलं की उत्तराला वेळ लागतो.

तीन गोष्टी लगेच. एक, जीएसटी. ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकात अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट लिहिलंय की मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल घेतलेल्या बॉण्डच्या रकमेवर जीएसटी लागत नाही. ते २७,००० पहिल्या पत्रातच उडतील. परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख लिही, त्यांचा अकाउंटंटच एचआरला सांगेल. दोन, पोलिसांची धमकी. बॉण्ड मोडणं हा दिवाणी मामला आहे, त्यात गुन्हा नाही. तीन, पीएफला ते हात लावू शकत नाहीत. सोडल्याची तारीख त्यांनी टाकली नाही तर शेवटचं अंशदान जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तूच पोर्टलवर टाकू शकतेस.

एका मुद्द्यावर निशिगंधा मॅडमशी माझा मतभेद आहे. ऑफिसात दोन आठवडे शिकवणाऱ्या सीनिअर इंजिनीअरचा वेळ खर्चात धरायला हवा. तो माणूस त्या काळात गिऱ्हाइकाच्या कामावर नव्हता.

निशिगंधा

त्याचा पगार ट्रेनिंग असो-नसो द्यावाच लागला असता, आणि सहा जणांत तो विभागला जाईल. पण तुमचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. कंपनीने त्याचे तास आणि नोंदी दाखवल्या तर एखादं कोर्ट धरेलही. मी सुरुवातीला धरणार नाही.

आनंदराव_सातारा

माझ्या मुलानेही पुण्यात असाच कोरा चेक दिलाय, त्याला वर्ष व्हायचंय. इथे सह्यकडा म्हणाले पेमेंट थांबवा. थांबवलं तर सुटका होते का? रात्री झोप नाही हो.

निशिगंधा

आनंदराव काका, नाही. पेमेंट थांबवल्यामुळे परत गेलेला चेकही न वटलेलाच धरला जातो, चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ तिथेही लागतं. आणि ‘चेक कोरा होता’ एवढाच बचावही पुरत नाही, कारण सही करून कोरा दिला म्हणजे भरायचा अधिकार दिला असं कायदा धरतो. बचाव वेगळा आहे. चेक वटायला टाकला त्या दिवशी तेवढं कायदेशीर देणं खरोखर होतं का? नुकसानभरपाई किती हेच ठरलेलं नसताना पूर्ण दीड लाखाचं देणं होतं, असं म्हणणं कंपनीला सोपं नाही. बाजू चांगली आहे, पण केस उभी राहिली तर हेलपाटे होतात, हे लपवणार नाही.

म्हणून चेक टाकायच्या आधीच लेखी कळवायचं: हा चेक रुजू होताना फक्त तारण म्हणून घेतला होता, रकमेबद्दल वाद आहे, हिशोब ठरल्याशिवाय तो भरू किंवा टाकू नये. चेकचा नंबर घालायचा. तरीही टाकला आणि परत गेला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत ते नोटीस पाठवतील. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. पाकीट न उघडता ठेवून देणारे लोक मी बघितलेत, त्यांचंच सगळ्यात वाईट होतं. तुमच्या मुलाने अजून सोडलेलं नाही ना? मग आज काही करू नका, चेकचा नंबर आणि दिल्याची तारीख मात्र लिहून ठेवा.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून वाचते आहे. इथेही ट्रेनिंगचे पैसे परत मागायची कलमं असतात, पण न्यायालयांनी ढोबळ माप घालून दिलंय. महिनाभराचं ट्रेनिंग असेल तर साधारण सहा महिने बांधून ठेवता येतं, दोन महिन्यांचं असेल तर एक वर्ष. रक्कमही काळाप्रमाणे उतरली पाहिजे. आणि मालकाच्या चुकीमुळे सोडावं लागलं तरी भरा, असं सरसकट लिहिलं असेल तर अख्खं कलमच जातं. गोदाकाठ इथे असती तर केव्हाच मोकळी झाली असती. भारतात हे माप लागू नाही, हे कळतं. तरी दोन महिन्यांच्या शिक्षणाला दोन वर्षं जास्त वाटतात, एवढंच.

पाटील_अण्णा

निकाल मी फक्त पेपरात वाचला होता, इतकं बारीक माहीत नव्हतं. तरी शेवटचा प्रश्न राहतोच. कंपनीने खरंच दावा लावला तर? वकिलाची फी, तारखा. मुलगी बंगळूरला, कोर्ट पुण्यात. वीस-पंचवीस हजारांसाठी?

एकदाएचआर

अण्णा, तोच प्रश्न कंपनीलाही असतो. दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, म्हणून धमकी लांबते, पण एका ट्रेनीसाठी दावा क्वचित लावतात. माझ्या बारा वर्षांत आम्ही दोनच लावले. दोघे जण ट्रेनिंग संपल्याच्या महिन्यातच गेले होते. कंपनीची खरी ताकद रिलिव्हिंग लेटरमध्ये आहे, कोर्टात नाही.

निशिगंधा

हे खरं आहे, आणि म्हणूनच वेळ महत्त्वाचा. गोदाकाठ, तुझ्याकडे ४५ दिवस आहेत. एकच पत्र लिही, ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने, एचआर आणि मालक दोघांना. आवाज खालचा ठेव. शिक्षण दिल्याबद्दल आभार मान, ते खरेच आहेत. मग बॉण्डमधली मुदत आणि तू भरलेले महिने, फीच्या बिलाची प्रत मागणं, रांजणगावच्या तारखा, जीएसटीचं परिपत्रक, चेकबद्दलची सूचना, आणि शेवटी तुझा आकडा. ‘हक्क राखून आणि फक्त तडजोडीसाठी’ असं लिहून २०,००० ची तयारी दाखव. कबुली देऊ नकोस.

पगार वेगळ्या परिच्छेदात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत वेतन द्यायचं असतं, आणि कपात कशाकशाची करता येते याची यादी कायद्यात आहे. बॉण्डची रक्कम त्या यादीत नाही. त्यांच्या मनात बॉण्ड आणि पगार एकत्र आहेत, कागदावर तू एकत्र करू नकोस. कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करायची वेळ आली तर ती पगाराची असेल, बॉण्डची नाही. डिग्रीचंही तसंच. ती तुझी मालमत्ता आहे, पैशाच्या वादात गहाण नाही.

डॉ_पालवी

माझा मुद्दा वेगळा होता, हे आता कळलं. एक विचारते. ती पूर्ण पैसे ‘निषेध नोंदवून’ भरू शकत नाही का? म्हणजे लेटर तर हातात येईल, नंतर परत मागता येतील.

निशिगंधा

येईल. विजया बँकेतल्या अधिकाऱ्याने तेच केलं होतं, दोन लाख निषेध नोंदवून भरले आणि मग कोर्टात गेला. निकाल लागेपर्यंत सोळा वर्षं गेली आणि पैसे परत मिळालेच नाहीत. अगदी दुसरा मार्ग नसेल तेव्हाच.

गोदाकाठ (नऊ दिवसांनंतर)

पत्र पाठवलं. तीन दिवस काहीच नाही, मग मालकांचा स्वतःचा फोन आला. रागात नव्हते. म्हणाले, ‘तुला रोबो हातात दिला तेव्हा वाटलं होतं, ही राहील.’ मला वाईट वाटलं. मी म्हटलं, सर, पंधरा महिने राहिले, एकही लाइन अर्धवट सोडली नाही.

काल लेखी उत्तर आलं. जीएसटी काढला. डिग्री कुरिअरने परत आली, आईने उघडून बघितली आणि देवापुढे ठेवली. फीचं बिल जोडलंय, ३८,००० बरोबर निघाले. पण त्यांनी पहिल्या तीन आठवड्यांचा पगार आणि शिकवणाऱ्या सरांचा वेळ धरून ६८,००० मागितले आहेत. महिन्यांचं प्रमाण उतरवलेलंच नाही. रांजणगावबद्दल एक शब्द नाही. गुरुवारी भेटायला बोलावलंय. पगारातून वळते करून घेऊ, लेटर तिथेच देऊ, असं फोनवर म्हणाले.

बाबा म्हणतात, पगाराच्या ३४,००० वर पाणी सोड आणि मोकळी हो. मला तेवढं जास्त वाटतं. काय करू?

एकदाएचआर

१,७७,००० वरून ६८,००० वर आले आहेत. अजून उतरतील. त्यांच्याच ६८,००० चे तीन अष्टमांश कर, २५,५०० होतात. ‘सर, तुमचाच आकडा धरते, फक्त महिने मोजा’ असं म्हण. सरांच्या वेळेचा वाद काढूच नकोस.

भोसरीकर

मालक म्हणून सांगतो, हे वाक्य ऐकल्यावर मी नाही म्हणू शकलो नसतो.

पाटील_अण्णा

बाबांचंही समजून घे. आठ-साडेआठ हजारांचा फरक आहे, पण मुलीची नवी नोकरी आहे. मीही कदाचित तेच म्हटलं असतं.

निशिगंधा

२५,५०० योग्य आहेत. ३४,००० वर जायचं की नाही हा तुमच्या घरचा निर्णय, तो कायद्याचा प्रश्न नाही. पण जायचंच तर ती बॉण्डच्या वादातली तडजोड म्हणून लिहून घे, ‘पगार सोडला’ असं कुठेही येऊ देऊ नकोस.

गुरुवारी एक कागद पुढे करतील, ‘फुल अँड फायनल, कसलंही देणंघेणं बाकी नाही’ असा. त्यावर सही करण्याआधी कोरा चेक मूळ स्वरूपात हातात घे आणि नंबर जुळवून बघ. ‘हरवलाय, सापडला की पाठवू’ म्हणाले तर त्याच कागदावर नंबरासह लिहून घे की तो चेक रद्द समजावा आणि तो वापरणार नाही. बॉण्डच्या मूळ प्रतीवरही ‘हिशोब पूर्ण, बॉण्ड रद्द’ असं लिहून सही-शिक्का घे. रिलिव्हिंग लेटरवर शेवटच्या दिवसाची तारीख बरोबर आहे का बघ, नोव्हेंबरऐवजी डिसेंबर पडला तर बंगळूरला पुन्हा प्रश्न येईल. बाबांना बरोबर ने.